पोवाड्यातलं ‘जी जी रं जी’ नेमकं कुठे बसतं?

“कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला त्यावर पोवाडा लिहितोय. वाचताना बरा वाटतो पण डफावर म्हणायला गेलं की पडतो. पहिली ओळ अशी आहे: ‘काळोखाच्या गर्द कुशीतून निघाले साठ वीर, ज्यांच्या मनात होतं स्वराज्याचं स्वप्न’. ‘जी जी रं जी’ कुठे टाकायचं, त्याला काही अर्थ असतो का? आणि शब्द पोवाडा की पवाडा?”

आधी ‘जी’ बद्दल सांगतो कारण बाकीचं त्यातूनच सुटतं.

हा ‘जी’ म्हणजे माझ्या मते होकाराचाच जी. नागपूरकडे ‘हाव जी’ म्हणतात ना, तोच. शाहीर पुढे उभा राहून गोष्ट सांगतो आणि मागचे झीलकरी (काही जण सुरते म्हणतात) ती ऐकून ‘हो जी, पुढं सांगा’ म्हणतात. ‘झील ओढणे’ हा वाक्प्रचार आपण दुसऱ्याच्या हो ला हो करणाऱ्या माणसाबद्दल वापरतो, तो इथूनच कळतो. आता होकार कधी देता येतो? समोरच्याचं बोलणं पुरं झालं की. अर्धं वाक्य ऐकून कोणी ‘हो जी’ म्हणत नाही. म्हणून जी ची जागा ओळ कुठे संपते यावर नाही, वाक्य कुठे संपतं यावर ठरते, आणि ओळीत शब्द कमी पडला म्हणून मधे जी भरला की ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं. दुसरं म्हणजे तेवढ्यात शाहीर दम घेतो. म्हणजे हे काम अर्थाचंही आहे आणि छातीचंही.

आता तुमच्या ओळीत हे कुठे होतं बघा. ‘निघाले साठ वीर’ वर वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि लगेच ‘ज्यांच्या’ येतं. झीलकऱ्याने काय करायचं? हा ‘ज्यांच्या’ कागदावर चालतो, पोवाड्यात नाही, कारण ऐकणारा मागे जाऊन ओळ परत वाचू शकत नाही. एक वाक्य, एक हालचाल, शेवटी क्रियापद, असं हवं.

मग ठेका. बऱ्याच पोवाड्यांची चाल आठ-आठ मात्रांच्या टप्प्यांनी जाते, लघु एक, गुरू दोन. मांडीवर हात मारत तुमची ओळ म्हणून बघा. ‘काळोखाच्या’ आठ मात्रा, अगदी नीट बसतं. ‘गर्द कुशीतून’ नऊ झाल्या, ‘निघाले साठ वीर’ अकरा. म्हणजे पहिली थाप बरोबर पडते, दुसरीपासून शब्द एकीकडे आणि हात दुसरीकडे. तुम्ही म्हणता पडतो, तो इथे पडतो.

मी असं करून बघितलं:

वद्य तेरशी रात काजळी
चंद्र दिसेना आभाळी ॥ जी ॥
साठ मावळे संगत घेउन
कोंडाजी तो गड चढला ॥ जी ॥

पहिली ओळ आठ अधिक आठ, सोळा. दुसरी आठ अधिक सहा, चौदा. उरलेल्या दोन मात्रांची जी जागा रिकामी राहिली ती ‘जी’ ची, तोही गुरू, दोनच मात्रांचा. पहिल्या ओळीनंतर जी नाही कारण पुढचं ऐकल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ‘घेउन’ मुद्दाम ऱ्हस्व लिहिलंय, गाताना जीभ तेच करते, मात्रा मोजायच्या त्या तोंडातल्या, पुस्तकातल्या नाही. आणि लांबलचक ‘जी रं जी जी जी’ असतं ते दर दोन ओळींना नको हं, प्रसंगाचा एक तुकडा संपला की तिथे, तेव्हा झीलकरी पूर्ण आवर्तन घेतात आणि शाहीर तेवढ्यात पुढच्या चालीची तयारी करतो.

काजळी रात मी शोभेसाठी नाही घेतली. 6 मार्च 1673, फाल्गुन वद्य त्रयोदशी, अमावास्येच्या दोनच दिवस आधी, चंद्र उगवणार तो पार पहाटेच्या तोंडावर. ‘काळोखाची गर्द कुशी’ कुठल्याही रात्रीला चालते हो, ‘वद्य तेरशी’ फक्त या रात्रीची आहे. अफझलखान वधावरचा अगिनदासाचा पोवाडा किंवा तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा काढून वाचा, माणसांची नावं, गावं, आकडे यांनी भरलेले आहेत, त्यामानाने भावनेचे शब्द कमी. तुमच्याकडे साठ हा आकडा आहे, त्याच्याइतकं जोरकस दुसरं काही नाही, स्वप्न वगैरे काढून टाका.

आता लढाई. कर्णे वाजले आणि गडावरच्यांची धांदल उडाली, इथे श्वास द्यायचाच नाही:

कर्णे घुमले चारि दिशांना
उठले दचकुन पहारेकरी
कुठून आले कितीक आले
कळेना कुणा अंधारी ॥ जी ॥

तीन ओळी सोळाच्या सोळा भरलेल्या, कुठेच फट नाही, म्हणून जी घुसूच शकत नाही, झीलकरी गप्प राहतात आणि ऐकणाऱ्याचा दम अडकतो. चौथ्या ओळीत दोन मात्रा सोडल्या की सगळे एकदम सुटतात. म्हणजे वेग वाढवायला शब्द घाईने म्हणायची गरज नसते, जी काढून घेतला की झालं. फक्त असं सलग चार ओळींपेक्षा फार लांबवू नका, म्हणणाऱ्याची छाती भरून येते आणि शेवटचे शब्द गिळले जातात. शंका असेल तर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, बसून हळू आवाजात सगळंच जमतं.

जे मात्रांत बसत नाही ते गद्यात घाला, पोवाडा काही सगळा गायचा नसतो. डफ बारीक ठेवून शाहीर बोलतो तिथे सन, गडाची माहिती, कोण कोणाचा, हे सगळं जातं. तिथे भूतकाळापेक्षा वर्तमानकाळ जास्त चालतो: ‘कोंडाजी तटाखाली येतो, वर बघतो, आणि हळूच म्हणतो, गड्यांनो, आवाज नको’. आणि ‘म्हणतो’ नंतरचं बोलणं जिथे तापेल तिथून परत डफ वाढवून पद्यात शिरायचं. तुमच्या गोष्टीत हा सांधा मला तरी कर्णे वाजायच्या आधी दिसतो.

पोवाडा की पवाडा, दोन्ही बरोबर. पवाडा हे जुनं रूप, संतांच्या वाङ्मयात ते खुद्द पराक्रमासाठीच येतं, देवाचे पवाडे म्हणजे देवाने केलेली मोठी कामं, मग पराक्रमाचा शब्द त्या पराक्रमाच्या गाण्याला लागला. जोतीराव फुल्यांच्या 1869 च्या शिवाजीराजांवरच्या रचनेच्या नावात पवाडा आहे, अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडवरचाही पवाडा म्हणूनच ओळखला जातो, बोलताना मात्र आज पोवाडाच जास्त ऐकू येतो. तुमच्या गावाकडे जे म्हणत असतील ते लिहा, आणि शेवटच्या चौकात शाहिराचं नाव-गाव गुंफायची पद्धत आहे, त्यासाठी दोन ओळी आतापासून राखून ठेवा.