जो-तो मधला ‘तो’ इंग्रजीत कुठं जातो?

प्रश्न: दिग्रसजवळच्या खेड्यात नववी-दहावीची शिकवणी घेते. ‘ज्या शेतकऱ्यानं बैल विकला तो आला’ याचं पोरं ‘द फार्मर हू सोल्ड द बुलक, ही हॅज कम’ असं करतात. ‘ही’ खोडला तरी पुढच्या पानावर परत हजर. हू आणि विच म्हणजे ‘जो’ असं सांगते मी. तिथंच काही कमी पडतंय का?

उत्तर:

ताई, पोरं मराठीचा नियम इमानेइतबारे पाळतात, म्हणून तो ‘ही’ येतो. तुमच्याच वाक्यातून ‘तो’ काढून बघा: ‘ज्या शेतकऱ्यानं बैल विकला आला.’ वाक्य मोडलं. मराठीत अशा रचनेत नाम बहुधा ‘जो’च्या वाक्यात जाऊन बसतं आणि मुख्य वाक्यात त्याची जागा ‘तो’ धरून ठेवतो. इंग्रजीत नाम मुख्य वाक्य सोडतच नाही. हूचं वाक्य त्याच्या मागून येऊन त्याला चिकटतं. नाम स्वतः तिथं बसलेलं आहे, मग त्याच्या जागेवर ‘ही’ला कोण बसू देणार?

म्हणजे ‘हू म्हणजे जो’ हे सांगणं अर्धंच झालं. ‘तो’चं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि पोरगं बिचारं त्याचं सरळ ‘ही’ करून मोकळं होतं.

करायचं असं. ‘ज्या शेतकऱ्यानं बैल विकला त्याला मी ओळखतो’ हे वाक्य घ्या. आधी मुख्य वाक्य विचारा: ‘त्याला मी ओळखतो.’ आता ‘त्याला’ पुसून तिथं शेतकरी आणून बसवायला सांगा: ‘शेतकऱ्याला मी ओळखतो.’ याचं इंग्रजी होतं ‘आय नो द फार्मर’. मग उरलेल्या वाक्यात शेतकऱ्याच्या जागी हू: ‘हू सोल्ड द बुलक’. ते फार्मरच्या लगेच पाठीमागे जोडायचं, झालं. ‘जो’च्या वाक्यातलं नाम ‘तो’च्या जागी येतं आणि ‘तो’ संपतो.

सुरुवात याच जातीच्या वाक्यांनी करा, ज्यात ‘त्याला’, ‘त्याच्याशी’, ‘तिच्याकडे’ असतं. तिथं इंग्रजी नाम वाक्याच्या शेवटाकडे येतं, त्यामुळे ‘ही’ घुसायला फट राहत नाही. ‘तो आला’ हा प्रकार नंतर घ्या. त्यात हूचं वाक्य मधोमध पडतं, फार्मर आणि हॅज कम लांब लांब जातात, आणि तिथंच पोराला ‘तो’ आठवतो. तपासायला बोट पुरतं: हूपासून बुलकपर्यंत बोटानं झाका. ‘द फार्मर हॅज कम’ उरलं तर बरोबर. ‘द फार्मर ही हॅज कम’ उरलं तर चूक पोराला आपोआप दिसते, तुम्हाला खोडावं लागत नाही.

दुसरा आधार पोरांच्या बोलण्यातच आहे. घरी ती जो-तो फार वापरत नाहीत, ‘काल आलेला पाव्हना’, ‘शेतात राबनारी बाई’ असंच म्हणतात. या लेला-णारा रचनेत ‘तो’ लागतच नाही आणि नाम मुख्य वाक्यातच असतं, इंग्रजीसारखं. फरक इतकाच, की आपलं वर्णन नामाच्या आधी, त्यांचं नंतर. पण हा पूल सगळीकडे चालत नाही. ‘पैसे दिलेला माणूस’ म्हणजे ज्यानं दिले तो, की ज्याला दिले तो? संदर्भाशिवाय कळत नाही. ‘ज्यानं’ आणि ‘ज्याला’ म्हटलं की लगेच कळतं. अशा ठिकाणी पोराला जो-तो वरच आणावं लागतं.

आता खरा गुंता. ‘ही’ सुटला की पुढची चूक विभक्तीची येते, आणि ती हुशार पोरं जास्त करतात. मराठीत ‘जो’ आपल्या वाक्याची विभक्ती घेतो आणि ‘तो’ आपल्या वाक्याची, दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही. ‘ज्याचं जळते त्याले कळते’ यात ‘ज्याचं’ला षष्ठी आणि ‘त्याले’ला चतुर्थी, कुणाला खटकत नाही. पोरगं मग ‘ज्याला’ दिसलं की हूम, ‘ज्यानं’ दिसलं की बाय हूम आणि ‘ज्याच्याकडे’ दिसलं की हूज लिहितं. बहुतेक वेळा तिन्ही चुकतात.

‘ज्यानं बैल विकला’ यातला ‘नं’ भूतकाळामुळे आला. वर्तमानकाळात तोच माणूस ‘जो बैल विकतो’ होतो. इंग्रजीला या फरकाचा पत्ता नाही, दोन्हीकडे हू. ‘ज्याला ताप आला तो पोरगा’ यात ‘ला’ आहे खरा, पण इंग्रजीत ताप येत नाही, पोराला तो ‘असतो’: ‘द बॉय हू हॅज फीवर’. ‘ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो’ तसंच, ‘हू कॅन ड्राइव्ह अ ट्रॅक्टर’. ‘ज्याच्याकडे चार एकर शेत आहे’ हेही ‘हू हॅज फोर एकर्स’. उलट ‘ज्याला मी बाजारात भेटलो’ इथं हूम बरोबर, कारण मीट करणारा ‘मी’ आहे आणि तो माणूस कर्म आहे. म्हणून मराठी प्रत्यय बघायचाच नाही. इंग्रजी क्रियापद आधी ठरवायचं आणि विचारायचं, हे करणारा कोण? नाम स्वतःच करणारं असेल तर हू, करणारा दुसराच कुणी असेल तर हूम. हूज फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच्यामागे त्या माणसाची वस्तू किंवा नातं लगेच येतं: ‘ज्याचा बैल मेला’ म्हणजे ‘हूज बुलक डाइड’.

हू की विच, हा त्यामानानं सोपा भाग. आपला ‘जो’ लिंग आणि वचन बघतो, माणूस की वस्तू हे बघत नाही. बैलही ‘जो’ आणि बापही ‘जो’. इंग्रजी नेमकं उलटं: बाई असो की बुवा, हूच. बैल, विहीर, कापूस यांना विच. आठवड्याभराच्या सरावात बसतं हे.

एक जागा मात्र पुस्तकात सापडत नाही. ‘आय नीड अ मॅन हू कॅन ड्राइव्ह अ ट्रॅक्टर’ हे मराठीत करायला द्या. पोरं ‘ज्या माणसाला ट्रॅक्टर चालवता येतो तो मला पाहिजे’ करतील. हे व्याकरणानं चुकीचं नाही, पण अर्थ बदलला. असं म्हटलं की तो माणूस आधीच ठरलेला वाटतो, गावात एकच आहे आणि त्यालाच बोलवा. इंग्रजीतला ‘अ’ म्हणतो, कोणीही चालेल. तिथं मराठीला ‘असा’ लागतो: ‘मला असा माणूस पाहिजे, ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो’, किंवा सरळ ‘ट्रॅक्टर चालवता येणारा माणूस पाहिजे’. उलट्या दिशेनंही हे कामी येतं: मराठीत ‘असा’ दिसला की इंग्रजीत बहुधा ‘अ’ घालायचा, ‘तो’ दिसला की ‘द’.

स्वल्पविरामवाला प्रकार दहावीत येतो, तोही सांगून ठेवते. ‘माय फादर, हू इज अ फार्मर, गोज टु दारव्हा’ यात हूचं वाक्य बाप ओळखायला लागत नाही, नुसती जादा माहिती आहे. याचं ‘माझे वडील, जे शेतकरी आहेत, ते दारव्ह्याला जातात’ असं भाषांतर अलीकडे छापील मजकुरातही दिसतं. तशी मराठी आपल्याकडे कोणी बोलत नाही. ‘माझे वडील शेतकरी आहेत. ते दारव्ह्याला जातात.’ अशी दोन वाक्यं करू द्या, आणि इंग्रजीत परत नेताना दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम मागा. पोरं पहिला टाकतात, दुसरा विसरतात.