ग्राहकाचा अभिप्राय बोलता करताना

प्रश्न: ग्राहकाची अडखळती उत्तरं व्हिडिओसाठी सुबक करायची आहेत, पण खोटं काही जायला नको. काय बदलू?

वाक्यांचा क्रम आणि पाल्हाळ बदला. आकडा, काळ आणि 'साधारण', 'बहुतेक' हे शब्द जसेच्या तसे ठेवा, कारण दाव्याची मर्यादा त्यांतच असते. सोलर हीटरवाला ग्राहक म्हणाला: "म्हणजे बिल कमी येतं, महिन्याला सातशेएक असेल, दोनच महिने झालेत, पावसाळ्याचं माहीत नाही." त्याचं होईल: "दोन महिने झाले. बिल महिन्याला साधारण सातशे रुपयांनी कमी येतंय. पावसाळा अजून बघायचाय." शेवटचं वाक्य गाळलं, तर वर्षभराच्या बचतीचा भास होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभिप्राय हा तो देणाऱ्याचं खरं मत दाखवणाराच हवा. मात्र वाक्यं तुम्ही लिहिलीत, तर चित्रीकरणाआधी ती ग्राहकाला मोठ्याने वाचायला लावून लेखी होकार घ्या.