इन्स्टंट फॉर्म की लँडिंग पेज?

प्रश्न: फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतच उघडणाऱ्या इन्स्टंट फॉर्मवर लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे नंबर, स्वस्त पडतात पण फोन केला की अर्धे लोक "मी कुठे भरला फॉर्म?" म्हणतात, मग जाहिरातीवरून लोकांना माझ्या वेबसाइटच्या पानावर, म्हणजे लँडिंग पेजवर, नेऊ का?

लगेच नको, आधी फॉर्मचा टाइप बदलून त्यात स्वतः लिहून उत्तर द्यावं लागेल असा एक प्रश्न टाका, तरीही फरक पडला नाही तर मग पेज करा. मी रोज हेच कॅम्पेन चालवतो आणि कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं, मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, या फॉर्ममध्ये नाव, नंबर, ईमेल प्रोफाइलवरून आपोआप भरून येतं, माणूस स्क्रोल करता करता दोन टॅप करतो आणि पुढे जातो, त्याच्या लक्षातही राहत नाही, शिवाय प्रोफाइलला जुना नंबर असेल तर तुमच्याकडे तोच येतो. पेजवर त्याला थांबून वाचावं लागतं, नंबर बहुतेक वेळा हाताने टाकावा लागतो, त्यातच नुसते बघे गळतात. फॉर्म टाइपमध्ये Higher intent निवडलं की सबमिट करायच्या आधी माहिती तपासायची एक पायरी वाढते, तेवढ्यानेही बराच कचरा कमी होतो.

आणि तुलना लीडच्या खर्चावर करूच नका. समजा सारख्याच पैशात फॉर्मवर 100 लीड आले आणि खरे गिऱ्हाईक 8, पेजवर 40 आले आणि खरे 10, तर लीड अडीचपट महाग पडूनही पेजच स्वस्त. फक्त पेज मोबाईलवर हळू उघडत असेल तर हे गणित उलटतं, कारण मग खरे गिऱ्हाईकही उघडायच्या आधीच परत जातात.