शाइन की सुपर स्प्लेंडर: ॲव्हरेज कुणाचं खरं मानायचं?

प्रश्न: "रोज निपाणी ते बेळगाव जाऊन-येऊन. दोन्ही १२५ सीसीच. एकाचे मालक ६५ सांगतात, दुसऱ्याचे ५५. शोरूमवाले म्हणतात दोन्ही ६० च्या वर. कुणाचं धरू?"

अजून कुणाचंच धरू नका. आधी ६५ सांगणाऱ्याला विचारा, लिटर लिहून ठेवलेत का? आपल्याकडे लोक "तीनशेचं टाकलं, इतकं पळाली" असं सांगतात. कागलला आणि निपाणीला पेट्रोलचा दर वेगळा, त्यामुळे तीनशेत येणारं पेट्रोलही वेगळं. रुपयांवरून काढलेला आकडा मी बाजूलाच ठेवतो.

दुसरं, एका टाकीचा आकडा घेऊ नका. ओळखीतल्या एकाची वही बघा. प्रत्येक वेळी टाकी फुल:

२१२ किमी, ४.१ लिटर
२३८ किमी, ३.९ लिटर
२२५ किमी, ४.५ लिटर

सुटं सुटं काढलं तर ५१.७, ६१ आणि ५०. गडी चारचौघांत ६१ च सांगतो! गाडी तीच, रस्ता तोच. पंपवाल्याचा नोझल कधी लवकर कट होतो, कधी तो वर थोडं ओततो. पाव लिटरचा फरक चार लिटरच्या भरण्यात सहा टक्के होतो. म्हणून सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर बेरजेने घ्या: ६७५ भागिले १२.५, म्हणजे ५४. वीस-पंचवीस लिटरची नोंद असेल तर तोच पाव लिटर एक टक्क्यावर येतो.

मग रस्ता जुळवा. अथणीच्या सपाटीवरचा ६५ आणि खानापूरच्या चढउतारावरचा ५५ यांवरून गाडी ठरत नाही. तुम्हाला तवंदी घाट आणि हायवे आहे. तेव्हा हायवेवर सत्तरने जाणारे, शक्यतो सिंगल सीट, असेच मालक दोन्ही गाड्यांचे शोधा. अशा नोंदींत फरक दोन-तीनचाच निघाला तर मी तरी ॲव्हरेजवर गाडी निवडणार नाही, सर्व्हिस कुठे जवळ आहे ते बघेन.

शोरूमच्या आकड्याबद्दल माझं मत वाईट आहे. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी कमी देते म्हणून एका सर्व्हिस सेंटरला तक्रार केली. त्यांनी शंभर मिलीची बाटली लावली, मेकॅनिक रिकाम्या सपाट रस्त्यावर चाळीसने फिरून आला आणि "गाडी ओके" लिहून दिलं. माझी वही कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. कंपनीचा आकडाही प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने काढलेला असतो. तिथे तवंदी नाही, समोरून वारा नाही.

जाता जाता, ओडोमीटर एकदा हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी वीसेक किमी ताडून बघायला सांगा. तीन टक्के जास्त दाखवत असेल तर ५५ चे ५३ होतात. आणि नोंद किती जुनी आहे तेही विचारा. ई२० पेट्रोलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते, त्याच्या आधीचे आकडे आताच्यांशी जुळत नाहीत.

मी मेकॅनिक नाही, ही फक्त वहीची सवय.