तेच तेच बोलणं आणि नियम मोडणं: दोन्ही ‘उठाव’ कसे?

प्रश्न: मैत्रिणीने गोदेच्या पुरावर पाच ओळी लिहिल्या. शैलीविज्ञानाच्या तासाला ‘अग्रप्रस्तुती’, ‘विचलन’ आणि ‘समांतरता’ हे शब्द ऐकले होते, ते लावून बघते आहे. पहिल्या तीन ओळी तर तेच तेच बोलतात, मग त्यात उठून दिसणारं काय? आणि चौथी ओळ विचलन की नुसती चूक?

पाणी घोट्याला लागलं
पाणी गुडघ्याला लागलं
पाणी कमरेला लागलं
मारुती पाण्याला लागला
आम्ही तिचे कोण लागतो?

आधी शब्दाचं बघू. भाषेतलं काहीतरी सवयीबाहेर जाऊन उठून दिसणं, यासाठी प्राग मंडळ या भाषाअभ्यासकांच्या गटातल्या यान मुकारझॉव्स्कीने 1932 मध्ये चेक भाषेत ‘आक्तुआलिझात्से’ हा शब्द वापरला. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘यांत्रिकता’: भाषा इतकी सवयीची झालेली की शब्दांकडे लक्षच जात नाही, फक्त निरोप पोचतो. इंग्रजी अनुवादात त्याचं ‘फोअरग्राउंडिंग’ झालं आणि आपल्याकडे ‘अग्रप्रस्तुती’. मला स्वतःला ‘उठाव’ बरा वाटतो. बंडाचा वास येतो म्हणून काहींना तो चालत नाही, पण तेवढं बंड इथे आहेच.

पुढे ब्रिटिश भाषाअभ्यासक जेफ्री लीचने 1969 मध्ये हे नीट सोडवून मांडलं. भाषेने दिलेली मोकळीक ओलांडली तर ते विचलन. उलट, मोकळीक असूनही कवीने स्वतःला बांधून घेतलं तर ती समांतरता. रोजच्या बोलण्यात कोणी एकच वाक्य तीनदा त्याच साच्यात बोलत नाही. “गुडघ्याला लागलं, मग कमरेपर्यंत आलं” असं आपण सहज बदलून बोलतो. म्हणजे तेच तेच बोलणंही सवयीच्या बाहेरचंच, आणि म्हणून तोही उठाव.

समांतरतेत साचा जितका घट्ट, तितकी बदलणारी जागा लख्ख दिसते. इथे ‘पाणी’ हलत नाही, ‘-ला लागलं’ हलत नाही, हलतो फक्त मधला अवयव. घोटा, गुडघा, कंबर. सगळी बातमी त्या एका खिडकीतून येते आणि पाणी चढतं. शिवाय शरीर कोणाचं हे तीन ओळी सांगितलेलंच नाही, त्यामुळे वाचणारा नकळत स्वतःचे पाय त्यात घालतो.

आता चौथी ओळ. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला पुढचा शब्द पाठ आहे: छाती. “पाणी छातीला लागलं” असं वाचून बघा, कविता तिथेच आडवी होते. तिने साचा ठेवला आणि आतली माणसं उलटी बसवली. पाणी कर्ता होतं, त्याला ‘-ला’ लागलं आणि मारुती कर्ता झाला. क्रियापदाचं लिंगही ‘लागलं’वरून ‘लागला’वर आलं. यात व्याकरणाचा नियम मोडलेला नाही. होडी किनाऱ्याला लागते, माणूस कामाला लागतो, तसाच मारुती पाण्याला लागला. मोडला तो कवितेनेच तीन ओळींत घालून दिलेला नियम. याला अंतर्गत विचलन म्हणतात, आणि आधीच्या समांतरतेशिवाय ते होऊच शकत नाही.

चूक की विचलन हे ओळखायचं कसं? ते वेगळेपण कवितेतल्या दुसऱ्या कशाला हात देतं का, ते बघा. दुसऱ्या ओळीत ‘गुडघ्यास’ असतं तर तेही डोळ्यांत भरलं असतं, पण ते कशालाच जोडलेलं नसतं. नुसता खडा. चौथ्या ओळीतली उलटापालट मात्र पाचवीला वाट करून देते. ‘लागणे’ आधी स्पर्शाचं होतं, आता अचानक नात्याचं झालं: कोण लागतो? ही ओळ सुटी वाचली तर ती चारचौघांसारखी आहे, कुणाच्याही ओट्यावर ऐकू येईल. चारदा ‘लागलं-लागला’ ऐकून झाल्यावरच तिला धार येते. भूतकाळ जाऊन वर्तमान येतो, विधान जाऊन प्रश्न येतो. आणि माझ्या मते सगळ्यात धीट शब्द ‘तिचे’. कवितेत पाणी नपुंसकलिंगी, मारुती पुल्लिंगी, मग ‘ती’ कोण? सर्वनामाला धरायला नाम नाही. तुम्ही प्रश्नात ‘गोदा’ म्हणालात, कवितेत ती कुठेच नाही. नाम नसलेलं हे सर्वनाम खरंखुरं विचलन आहे, आणि शीर्षकात ‘गोदावरी’ घातलं तर ते मरेल.

एक अडचण मात्र राहते. उठाव कशाच्या पार्श्वभूमीवर, हे वाचणाऱ्यावर ठरतं. नागपूरच्या मावसभावाला मी या ओळी वाचून दाखवल्या. पहिल्या तीन ओळींत त्याला नाला ओलांडणारा माणूस दिसला. चौथीला म्हणाला, “म्हणजे कोणी मारुती नावाचा बुडाला का?” त्याच्याकडे ‘छाती’ची अपेक्षाच नव्हती, म्हणून ती मोडलीही नाही. कर्ता बदलल्याचा धक्का त्याला बसला, पण मोजपट्टीच पाण्याकडे गेल्याचा नाही. ‘कोण लागतो’पाशी मात्र तोही थांबला.