ब्रोशरवर 40, हातात 36: केस होते का?

"मॅडम, 10 महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. ब्रोशरवर बॅटरी 40 युनिटची लिहिलीय. 100 टक्क्यांवरून 10 टक्क्यांपर्यंत 234 किमी चालवली, स्क्रीनवर ॲव्हरेज 140 Wh/km दिसलं. म्हणजे पूर्ण बॅटरी 36 चीच निघाली. डीलर म्हणतो नॉर्मल आहे. फसवणुकीची केस टाकू का?"

हिशेब चोख आहे तुमचा, पण एवढ्याच जोरावर केस टाकू नका, कारण समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल की 40 म्हणजे सगळ्या सेलची मिळून क्षमता, आणि त्यातला वरचा-खालचा थोडा भाग कंपनी मुद्दाम कुलुपात ठेवते. हे खरंच आहे. सेल अगदी काठोकाठ भरून ठेवला की आतलं इलेक्ट्रोलाइट लवकर खराब होतं आणि पार तळापर्यंत रिकामा केला तर आतली तांब्याची पट्टी विरघळायला लागते, मग पुढच्या चार्जिंगला आत शॉर्ट व्हायची भीती. शिवाय सेल एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यात कमजोर सेल संपला की BMS ला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, अख्खा पॅक थांबवावा लागतो. ऑडी ई-ट्रॉनचंच बघा, 95 चा पॅक, त्यातले वापरायला सुरुवातीला 83.6 च मिळायचे. तुमचा फरक साधारण 9 टक्के, आणि त्यात स्क्रीनच्या ॲव्हरेजची थोडी चूकही असू शकते.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(28) मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं ही दिशाभूल करणारी जाहिरात धरलीय, पण नुसत्या '40' वर हा मुद्दा लंगडा पडतो. मात्र ब्रोशरमध्ये किंवा सेल्समनच्या व्हॉट्सॲपवर 'वापरायला पूर्ण 40 मिळतील' असं कुठे लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तो मेसेज आधी जपून ठेवा.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, गाडी घेतली तेव्हापासून 36 च होते का सॉफ्टवेअर अपडेटनंतर कमी झाले? पहिल्यापासून असेल तर ती राखीव जागा, नंतर घटली असेल तर तुमचं काढून घेतलंय. अमेरिकेत टेस्लाने 2019 च्या अपडेटने काही मॉडेल एस गाड्यांचं कमाल चार्जिंग कमी केलं, त्यावर खटला झाला आणि 2021 मध्ये 15 लाख डॉलरवर तडजोड झाली.

म्हणून कंपनीला ईमेल टाका, डीलरला नाही: वापरता येणारी क्षमता किती, आणि वॉरंटीतली टक्केवारी 40 वर धरता का वापरता येणाऱ्या आकड्यावर? तोंडी उत्तर घेऊ नका. सर्व्हिसला बॅटरीचा SOH रिपोर्ट, म्हणजे नव्याच्या तुलनेत किती क्षमता उरलीय त्याचा, लेखी मागा. चार्जरच्या मीटरचा आकडा मात्र पुरावा म्हणून लावू नका, चार्जिंगमध्ये काही वीज वाया जातेच, तो आकडा नेहमी जास्तच दिसतो.

उत्तरात घट मान्य केली किंवा टाळाटाळ केली तर जिल्हा आयोगात जाऊ, तुम्ही राहता तिथेच तक्रार टाकता येते. पॅक तपासायची गरज पडली तर कलम 38 खाली आयोग लॅबकडे पाठवू शकतो. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं, त्यामुळे ईमेल याच आठवड्यात जाऊ द्या.