रोज वापरायचं घड्याळ: टायटॅनियम, स्टील की सिरॅमिक?

प्रश्न: रोज घालायला घड्याळ घेतोय. वजन, ओरखडे आणि दहा वर्षांनंतरचं रूप पाहता केस कोणत्या धातूची घ्यावी, की सिरॅमिकची?

उत्तर: दहा वर्षांचा विचार असेल तर मी स्टील घेईन. वजनच खुपत असेल तर ग्रेड ५ टायटॅनियम.

स्टीलची केस ५० ग्रॅमची असेल, तर त्याच आकाराची टायटॅनियमची साधारण २८ आणि सिरॅमिकची ३७-३८ ग्रॅम भरते. सिरॅमिक सगळ्यात हलकं, हा गैरसमज आहे.

ओरखडे पाडते ती मुख्यतः धूळ, कारण तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात. ३१६एल स्टील आणि ग्रेड २ टायटॅनियम या कणांपुढे मऊच. ग्रेड ५ टायटॅनियम हे स्टीलपेक्षा बरंच कठीण, तरी क्वार्ट्झपेक्षा मऊ. म्हणून विकत घेताना ग्रेड जरूर विचारा. झिर्कोनिया सिरॅमिकवर मात्र ही धूळ सहसा उमटत नाही.

पण खरा फरक पुढे दिसतो. स्टीलवरचे ओरखडे चकाकतात, मात्र चांगला कारागीर पॉलिश आणि ब्रशिंग करून केस जवळजवळ नव्यासारखी करतो. दर वेळी थोडा धातू जातो, कडा गोलावतात, म्हणून हे क्वचितच करावं. टायटॅनियमचा करडा रंग बारीक ओरखडे झाकतो, पण त्याला पॉलिश करणं अवघड. धातू चाकाला चिकटतो. सिरॅमिक वर्षानुवर्षं तसंच राहतं. फरशीवर कोपऱ्यावर पडलं तर मात्र टवका उडतो किंवा तडा जातो, आणि तो भरून निघत नाही. केसच बदलावी लागते.